मानमोडीचे साल : १९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाचा प्रसार, प्रतिकार आणि विस्मरण

निजामाच्या राज्यातील फसली वर्ष १३२८ हे ६ ऑक्टोबर १९१८ रोजी सुरू झाले. त्याच दिवशी मुंबई शहरात ७६८ माणसे मरण पावली; इन्फ्ल्यूएंझाच्या साथीतील त्या शहराचा हा सर्वांत भीषण दिवस होय. हा केवळ योगायोग आहे. पण औरंगाबादच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) इतिहासाच्या अभ्यासकाला तो फार उपयोगी पडतो. कारण हैदराबाद संस्थानचे वार्षिक प्रशासकीय अहवाल फसली वर्षाप्रमाणे निघत. सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर या तीन महिन्यांत जी साथ दख्खनवरून गेली, तिचे अशा अहवालांत आपोआप दोन तुकडे होतात. एक तुकडा १३२७ च्या शेवटी, दुसरा १३२८ च्या प्रारंभी. साथीची कमान अखंड दिसावी तर दोन अहवाल शेजारी ठेवून वाचावे लागतात, आणि एकेक अहवाल स्वतंत्रपणे चाळणाऱ्याला तिचा खरा आकार जाणवत नाही. एखादी घटना विस्मरणात कशी जाते, या प्रश्नाची चर्चा नेहमी लोकांच्या स्मरणशक्तीपासून सुरू होते. प्रस्तुत प्रकरणी ती दप्तरापासून सुरू करणे अधिक योग्य आहे.

तथापि दप्तराकडे वळण्यापूर्वी साथ आली कशी आणि पसरली कशी, हे पाहिले पाहिजे. आणि त्यासाठी मुंबईलाच जावे लागते, कारण पश्चिम भारतात तिचा पहिला सविस्तर वृत्तान्त तेथेच लिहिला गेला. मुंबई महापालिकेचे आरोग्याधिकारी जे. ए. टर्नर यांच्या नोंदीप्रमाणे १० जून १९१८ रोजी गोदीवर पहाऱ्यास असलेले सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. हा ताप हिवतापाचा नव्हता. त्यानंतरच्या काही दिवसांत जहाज कंपन्यांचे नोकर, पोर्ट ट्रस्टचे कामगार, तारखात्यातील व टांकसाळीतील माणसे आणि गिरणीतील मजूर अशा क्रमाने आजार शहरात शिरला. या क्रमात एक अर्थ आहे. बंदर, बंदराशी व्यवहार करणारी कार्यालये आणि मग गिरणगाव, अशी ती वाट होती. मे महिन्याच्या अखेरीस आलेल्या एका लष्करी वाहतुकीच्या जहाजाबरोबर रोग आला, असे टर्नर यांचे मत होते. सरकारी पक्षाला ते मान्य नव्हते. जहाजावरील लोकांनाच मुंबईत लागण झाली असावी, असा उलट युक्तिवाद करण्यात आला. वाद शास्त्रीय दिसत असला तरी त्याच्या तळाशी जबाबदारीचा प्रश्न होता. बंदरावरील आरोग्यतपासणी सरकारच्या अखत्यारीतील बाब होती, तर शहराची स्वच्छता महापालिकेकडे. रोग बाहेरून आला की आत उपजला, या प्रश्नाच्या उत्तरावर दोष कोणाच्या माथी बसावयाचा हे ठरत होते.

जून-जुलैतील ही पहिली लाट व्यापक होती, पण तुलनेने सौम्य होती. असंख्य माणसे अंथरुणास खिळली, कचेऱ्या ओस पडल्या. मात्र बहुतेक रुग्ण चार-पाच दिवसांत उठून कामाला लागले. म्हणूनच पावसाळ्याच्या मध्यास साथ ओसरली तेव्हा ती संपली असेच सर्वांना वाटले. सप्टेंबरात जी दुसरी लाट उसळली तिचे स्वरूप सर्वस्वी निराळे होते. ताप येताच एक-दोन दिवसांत फुप्फुसे भरून येत, ओठ व चेहरा निळसर पडे, आणि रुग्ण दगावे. यातील बहुतेक मृत्यू विषाणूने दुबळ्या केलेल्या फुप्फुसांत मागाहून शिरलेल्या जंतूंनी झालेल्या न्यूमोनियाचे होते, असे आजचे संशोधन सांगते. १९१८ मध्ये हे कोणास ठाऊक नव्हते. १८९२ मध्ये फायफर यांनी वर्णिलेला दंडाकृती जंतू हाच रोगाचे कारण होय, असे बहुतेक प्रयोगशाळा धरून चालत. इन्फ्ल्यूएंझाचा मानवी विषाणू १९३३ मध्ये लंडनमध्ये हाती लागला. म्हणजे ज्या शत्रूविरुद्ध उपाय योजावयाचे, त्याची ओळखच चुकीची होती.

मुंबईहून ही दुसरी लाट आगगाडीने निघाली. १९१८ मध्ये औरंगाबादला जाण्याचा लोहमार्ग मनमाडवरून होता. जी. आय. पी. रेल्वेच्या रुंद मार्गाने मुंबईहून सुमारे २६० किलोमीटर अंतर तोडून उतारू मनमाडला उतरत, आणि तेथून हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेच्या मीटर मार्गाच्या गाडीत बसून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड या मार्गाने सिकंदराबादकडे जात. मार्गाची रुंदी बदलत असल्याने मनमाडला प्रत्येकाला गाडी बदलावीच लागे. दोन्ही बाजूंचे उतारू तेथील फलाटांवर व धर्मशाळांत तासन्‌तास एकत्र खोळंबत. श्वासावाटे पसरणाऱ्या रोगाला याहून सोयीचे स्थान सापडणे कठीण होते. औरंगाबादला छावणी होती, म्हणजे लष्करी माणसांची ये-जा होती; तसेच मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या दख्खनच्या मजुरांचे शहरातून गावाकडे परतणेही होते. मुंबईत साथीचा कहर झाला तेव्हा मजूर गावाकडे धावले, हे स्वाभाविकच होते. १८९६ च्या प्लेगातही तसेच घडले होते. फरक एवढाच, की प्लेगाचा प्रसार उंदीर व पिसवा यांच्या गतीने होई, तर हा रोग माणसाच्या गतीने चालला.

या प्रवासाविषयी अलीकडे एक महत्त्वाचे निरीक्षण पुढे आले आहे. सिद्धार्थ चंद्र आणि इव्हा कॅसन्स-नूर यांनी २०१४ मध्ये भारतातील जिल्हावार मृत्युनोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यावरून दिसते ते असे, की दुसरी लाट पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत गेली तसतशी तिची मारकता कमी होत गेली आणि तिचा मुक्काम मात्र लांबत गेला. मुंबई इलाख्यात ती अल्पकाळ पण अत्यंत तीव्र होती. बंगालमध्ये ती रेंगाळली, पण तुलनेने सौम्य राहिली. याचा अर्थ मराठी प्रदेशाला, म्हणजे मुंबई इलाख्याचा दख्खन भाग, वऱ्हाड व मध्यप्रांत यांना, साथीचा आघात अगदी उगमाजवळ व कमी अवधीत सोसावा लागला. अवधीचा हा मुद्दा दुर्लक्षिण्याजोगा नाही. जो रोग एका गावात पाच-सहा आठवड्यांत येतो आणि जातो, त्याच्याशी तोंड देण्यास कोणतीही यंत्रणा उभी राहण्यापूर्वीच तो निघून गेलेला असतो. आणि तो गेल्यावर यंत्रणा उभी करण्याचे कारणही उरत नाही.

साथीच्या तीव्रतेत भर घालणारी दुसरी गोष्ट म्हणजे त्या वर्षीचा पाऊस. १९१८ चा मोसमी पाऊस संपूर्ण देशात सरासरीहून सुमारे एक-चतुर्थांशाने कमी पडला. खरिपाचे पीक बुडाले, रबीची पेरणी धोक्यात आली. महायुद्धामुळे धान्याचे भाव आधीच चढलेले होते. ज्वारी-बाजरीवर जगणाऱ्या दख्खनच्या माणसाला ऑक्टोबर हा एरवी नव्या धान्याची वाट पाहण्याचा महिना. त्या वर्षी वाट पाहण्यासारखे काही नव्हते. भुकेलेल्या शरीराला न्यूमोनिया झाला तर तो किती टिकणार? शिवाय कापणी, मळणी, पाणी भरणे, स्वयंपाक ही सर्व कामे करणारी तरुण माणसेच एकाच आठवड्यात आडवी झाली. इन्फ्ल्यूएंझाच्या नेहमीच्या साथीत म्हातारे आणि तान्ही मुले अधिक दगावतात. १९१८ मध्ये मात्र वीस ते चाळीस वर्षे वयाची माणसे सर्वांत अधिक मेली. त्यांतही भारतात स्त्रियांच्या मृत्यूचे प्रमाण पुरुषांहून अधिक होते. घरातील आजाऱ्याची शुश्रूषा करणारी तीच, सर्वांच्या मागून जेवणारीही तीच. अनेक घरांत चूल पेटविणारे कोणी उरले नाही, आणि जे तापातून वाचले असते तेही पाण्यावाचून व पेजेवाचून गेले.

साथीला तोंड देण्याचे काम कोणी व कसे केले, हे पाहताना मुंबई शहर पुन्हा पुढे येते. महापालिकेने फिरते दवाखाने काढले, मिश्रणाच्या बाटल्या फुकट वाटल्या, तात्पुरती रुग्णालये उघडली. गर्दी टाळावी, मोकळ्या हवेत निजावे, पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने गुळण्या कराव्यात, अशी सूचनापत्रे काढण्यात आली. परळच्या सरकारी जीवाणु-प्रयोगशाळेत, म्हणजे पुढे १९२५ पासून जी हाफकीन संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली तेथे, लस तयार करण्यात आली. पण ती जंतूंची लस होती, मूळ विषाणूचे तिला वारेही लागलेले नव्हते. याहून खरा आधार स्वयंसेवकांचा होता. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापिलेली सोशल सर्व्हिस लीग, भारत सेवक समाज आणि निरनिराळ्या जातिसंस्था यांचे कार्यकर्ते चाळीचाळींतून फिरले, औषधे व दूध घेऊन दारोदार गेले, रुग्णालयात नेण्याजोग्यांना नेले. यांपैकी बहुतेकांना प्लेगाच्या वेळच्या कामाचा अनुभव होता. मृदुला रामण्णा यांनी मुंबईतील या कामाचा जो अभ्यास केला आहे, त्यावरून प्लेगकाळात सरकारच्या उपायांना अडविणारा हिंदी समाज १९१८ मध्ये स्वतःच उपाय योजीत होता, असे दिसते. हा बदल मोठा आहे. तो घडण्यास वीस वर्षे लागली आणि त्याची नोंद मात्र फारशी झाली नाही.

सरकारी यंत्रणा त्या मानाने दुबळी ठरली. डॉक्टर व परिचारिका यांतील अनेकजण महायुद्धावर गेलेले होते. उरलेले मोठ्या शहरांत होते. रोगाविषयी निश्चित उपाय सांगता येत नसल्याने अधिकारी वर्गाचा कल स्वस्थ राहण्याकडेच झुकला. १८९७ चा साथरोग कायदा हाताशी होता. प्लेगाच्या वेळी याच कायद्याखाली घरझडत्या, सक्तीचे विलगीकरण, प्रवाशांची तपासणी असे सर्व काही झाले होते. १९१८ मध्ये तसे काहीच घडले नाही. इन्फ्ल्यूएंझाला विलगीकरणाने अडविता येणार नाही, हे कारण दिले गेले व ते बऱ्याच अंशी खरेही होते. परंतु दुसरे कारण न बोललेले होते. २२ जून १८९७ रोजी पुण्यात चापेकर बंधूंनी रँडचा वध केला, तो प्लेगबंदोबस्तातील जुलुमाचा परिणाम होता. त्यानंतर रोगासाठी जनतेच्या घरात शिरण्याची सरकारची हिंमत खचली होती. महायुद्धाच्या अखेरच्या वर्षात तसले धाडस करण्याची कोणाचीच तयारी नव्हती.

खेड्यांत तर स्वयंसेवकही नव्हते. निजामाच्या मुलखात मुंबईसारखे स्वयंसेवी मंडळांचे जाळे नव्हते, आणि सार्वजनिक संस्थांना असणारी मुभाही मर्यादित होती. तालुक्याच्या गावी दवाखाना असे; त्याच्यापासून दहा-पंधरा कोसांवरच्या गावाला तो असून नसल्यासारखा. तेथे साथीचा प्रतिकार म्हणजे काढा, शेक, नवस आणि शेजाऱ्यांनी आणून दिलेले पाणी. या शेवटच्या गोष्टीला कोणी उपचार म्हणणार नाही. परंतु नेमका उपचार नसलेल्या रोगात तीच सर्वांत उपयोगी होती. मुंबईच्या आकड्यांवरून हे पडताळता येते. त्या शहरात इन्फ्ल्यूएंझाने मेलेल्यांचे दर हजारी प्रमाण युरोपियनांत ८.३, पारशांत ९, मुसलमानांत १९.२, वरिष्ठ व मध्यम जातींच्या हिंदूंत १८.९, तर तत्कालीन अहवालांत ‘खालच्या जाती’ म्हणून नोंदलेल्या हिंदूंत ६१.६ होते. विषाणू जात विचारीत नाही. एका खोलीत किती माणसे निजतात, आजारपणी रोजंदारी बुडाल्यावर घरात शिधा किती दिवस पुरतो, आणि शेजारचे घर धड असण्याचा संभव किती, यांचे ते मोजमाप आहे. युरोपियनांच्या सातपटीहून अधिक असा हा दर म्हणजे अन्न, हवा आणि शुश्रूषा यांच्या वाटणीचा तक्ताच होय.

आता दप्तराकडे वळता येईल. ब्रिटिश मुलखात जन्ममृत्यूची नोंद खेड्यातील पोलीस पाटील किंवा चौकीदार करी. नोंदवहीत मृत्यूचे रकाने ठरलेले असत: पटकी, देवी, प्लेग, ताप, अतिसार, श्वसनाचे विकार, अपघात, इतर. इन्फ्ल्यूएंझाचा रकाना नव्हता. यामुळे साथीतील मृत्यू बहुतांशी ‘ताप’ या एका शब्दात जाऊन पडले. ज्या देशात दरसाल लाखो लोक हिवतापाने मरत, तेथे ‘ताप’ या रकान्यात आणखी काही लाख मिसळले तर ते ओळखणार कसे? त्यात भर ही, की पाटीलही आजारी पडला, त्याचा कारकूनही. जेथे मृत्यू सर्वांत जास्त तेथे नोंद सर्वांत कमी, असा विपरीत प्रकार घडला. भारत सरकारचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांनी १९१९ च्या अहवालात यावर जो मार्ग काढला तो योग्य होता: आधीच्या वर्षांतील त्याच महिन्यांचे सरासरी मृत्यू काढावयाचे आणि साथीच्या महिन्यांतील एकूण मृत्यूंतून ते वजा करावयाचे. उरलेला आकडा साथीचा. या रीतीने त्यांनी संपूर्ण देशासाठी सुमारे ६० लाखांचा प्राथमिक अंदाज केला. तो फार कमी होता, कारण वजाबाकी कितीही अचूक असली तरी न नोंदलेला मृत्यू तिच्यात येत नाही.

हैदराबाद संस्थानात मृत्युनोंदणी ब्रिटिश मुलखाहूनही अपुरी असल्याने येथे शिरगणतीशिवाय दुसरा मार्ग नाही. तो कसा चालतो आणि कोठे अडतो, हे या संस्थानाच्याच आकड्यांवर पाहणे उद्बोधक होईल. १९०१ मध्ये संस्थानची लोकसंख्या १,११,४१,१४२ होती. १९११ मध्ये ती १,३३,७४,६७६ झाली, म्हणजे दहा वर्षांत सुमारे वीस टक्क्यांनी वाढली. १९२१ मध्ये ती १,२४,७१,७७० भरली. निव्वळ घट ९,०२,९०६, म्हणजे शेकडा पावणेसात. एवढ्यावरच थांबले तर साथीने नऊ लाख बळी घेतले असे म्हणण्याचा मोह होतो. पण १९११ नंतर साथ नसती तर लोकसंख्या जेथल्या तेथे राहिली असती काय? ती दरसाल केवळ अर्धा टक्का वाढली असती असे धरले, तरी १९२१ मध्ये ती सुमारे १ कोटी ४० लाख ५९ हजार झाली असती आणि तूट जवळजवळ १५ लाख ८७ हजारांवर गेली असती. वाढीचा दर अर्ध्या टक्क्याने इकडे-तिकडे केला की बळींचा आकडा लाखांनी हलतो. १९०१ ते १९११ मधील वीस टक्क्यांची वाढ प्रमाण मानावी तर तेही चूक, कारण ती १८९९-१९०० च्या दुष्काळानंतरची भरपाई होती. शिवाय या तुटीत एकटी साथ नाही. प्लेग आहे, १९१८ ची अवर्षणे आहेत, संस्थानाबाहेर गेलेले मजूर आहेत, आणि १९१९ मध्ये जी मुले जन्मलीच नाहीत तीही आहेत. साथीनंतरच्या वर्षी देशभर जन्मदर लक्षणीयरीत्या घसरला होता. न जन्मलेल्यांना मेलेल्यांत मोजणे हा गणिती दोष आहे.

यातून सुटण्याचा उपाय वयोगटांच्या तक्त्यात आहे. जी माणसे १९११ मध्ये दहा ते तीस वर्षांची होती ती १९२१ मध्ये वीस ते चाळीसची असणार. या वयात पटकीने वा दुष्काळाने फारशी माणसे मरत नाहीत. ते मुलांना व म्हाताऱ्यांना आधी गाठतात. म्हणून या गटात अनपेक्षित खाच पडली असेल, आणि ती स्त्रियांत अधिक खोल असेल, तर ती इन्फ्ल्यूएंझाची खूण समजावी. वय सांगण्यातील ढोबळपणा (सर्वांची वये वीस, तीस, चाळीस या आकड्यांपाशी गोळा होतात) या पद्धतीला बाधतो; तथापि रुंद गट घेतल्यास तो बराच निवळतो. अखिल भारतीय अंदाजही अशाच वाटांनी वाढत गेले. १९२१ च्या शिरगणतीचे कमिशनर मार्टेन यांनी १ कोटी २० ते ३० लाख म्हटले, किंग्जली डेव्हिस यांनी १९५१ मध्ये शिरगणतीच्या आधारे तो आकडा बराच वर नेला, आय. डी. मिल्स यांनी १९८६ मध्ये १ कोटी ७० ते ८० लाख धरले. २०१२ मध्ये चंद्र व त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ ब्रिटिश अमलाखालील भागापुरता सुमारे १ कोटी ३९ लाखांचा अंदाज दिला. यांपैकी कोणताही घेतला तरी जगातील कोणत्याही देशाहून येथील बळी अधिक होते. महायुद्धात मेलेले हिंदी सैनिक सुमारे ७४ हजार. त्यांची नावे दगडांवर कोरलेली आहेत.

विस्मरणाचा प्रश्न येथेच येतो. आघात मोठा होता म्हणजे आठवण मोठी राहील, हा समज इतिहासात टिकत नाही. हैदराबादेत २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेला पूर आजही लोकांच्या तोंडी आहे. त्यात मेलेल्यांची संख्या साथीच्या मानाने अल्प होती. पण पुरानंतर विश्वेश्वरय्यांना बोलावण्यात आले, नगरसुधार मंडळ निघाले, उस्मानसागर बांधला गेला. पूर विसरू म्हटले तरी धरण दिसत राहते. प्लेगाने सरकारी जुलूम, एक वध, खटले आणि फाशी मागे ठेवली. म्हणून तो राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासाचे एक प्रकरण बनला. मराठवाड्यात १९७२ च्या दुष्काळाची आठवण घराघरांत आहे, कारण त्यातून दुष्काळी कामे, खडी फोडण्याचे अड्डे, सुकडी आणि रोजगार हमी यांचा अनुभव लाखोंना सामाईक झाला. १९१८ च्या साथीने यातले काहीच मागे ठेवले नाही. सरकारने काही केले नाही, म्हणून त्याच्याविरुद्ध बंडही झाले नाही. कोणी वास्तू उभारली नाही, कोणता कायदा झाला नाही, कोणी हुतात्मा झाला नाही. प्रत्येक मृत्यू आपापल्या घरात, ‘ताप’ या नावाने झाला. त्यापाठोपाठ मार्च १९१९ मध्ये रौलट कायदा आला, १३ एप्रिलला जालियनवाला बाग घडले, पुढील वर्षी टिळक गेले. ज्या वृत्तपत्रांनी ऑक्टोबरात सरकारच्या निष्क्रियतेवर टीका केली होती, त्यांना सहा महिन्यांत लिहावयास याहून मोठे विषय मिळाले. आणि इतिहासकार पुढे वृत्तपत्रे व सरकारी अहवाल यांवरच विसंबले. निजामाच्या राज्यात यावर आणखी एक थर चढला: १९४८ पर्यंतच्या संघर्षाने त्याआधीच्या बहुतेक घटना झाकून टाकल्या.

ही स्थिती केवळ भारताची नव्हती. अमेरिकेतील आल्फ्रेड क्रॉस्बी यांनी आपल्या देशातील साथीवरील ग्रंथाच्या १९८९ च्या आवृत्तीचे नावच ‘विसरलेली साथ’ या अर्थाचे ठेवले. पण तेथे विस्मरण झाले ते युद्धविजयाच्या गजराखाली. येथे जो समाज सर्वांत अधिक मेला, त्याच्यापाशी लेखणी नव्हती, हे कारण अधिक महत्त्वाचे आहे. शहरातील लिहिणाऱ्या वर्गाच्या मृत्यूचे प्रमाण कमी होते. चाळींतील व खेड्यांतील निरक्षरांचे सर्वांत अधिक. साहित्यात या साथीचा मागमूस क्वचितच लागतो. हिंदी कवी निराला यांचे कुटुंब त्या साथीत गेले व त्यांनी ते लिहून ठेवले, हा अपवादच म्हणावा लागतो.

तरीही लोक विसरले, असे सरसकट म्हणता येत नाही. मराठी मुलखात या रोगाला ‘मानमोडी’ असे नाव पडले. ते कोणत्याही अहवालात इंग्रजीतून आलेले नाही. आजाऱ्याची मान टाकलेली पाहून खेड्यानेच ते ठेवले. जन्मतारखा लिहून न ठेवणाऱ्या पिढीत वय सांगताना मानमोडीचे साल ही एक खूण होती. बाप मानमोडीत गेला, आई मानमोडीत गेली, मग मामाच्या घरी वाढलो, असा वृत्तान्त कौटुंबिक आठवणींत येतो आणि तेथेच संपतो. तो साथीविषयी सांगण्यासाठी आलेला नसतो; मामाच्या घरी का वाढलो याचे कारण म्हणून आलेला असतो. मार्च २०२० मध्ये तोच १८९७ चा साथरोग कायदा महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला तेव्हा १९१८ ची चौकशी सुरू झाली, आणि शोधणाऱ्यांनी ‘इन्फ्ल्यूएंझा’ व ‘स्पॅनिश फ्लू’ हे शब्द घेऊन जुनी कागदपत्रे उघडली. त्या शब्दांखाली खेड्यांच्या आठवणींत काही सापडणार नव्हते. मराठवाड्यातील वतनाची वारसप्रकरणे, अज्ञान वारसांच्या नावे झालेल्या जमिनींच्या नोंदी आणि फसली १३२८ व १३२९ मधील महसूल-तहकुबीचे अर्ज यांत कारण म्हणून जेथे केवळ ‘ताप’ किंवा एकाच महिन्यातील बाप-लेकांचे मृत्यू येतात, तेथे ही साथ वाचता येते. औरंगाबाद जिल्ह्याच्या अभ्यासकाने ६ ऑक्टोबर १९१८ च्या दोन्ही बाजूंची पाने एकत्र ठेवली, म्हणजे काम तेथून सुरू होते.